बेस्ट सेल्स ऑफिसरचं बक्षीस घेताना तीन मिनिटांत टीमचे आणि ग्राहकांचे आभार कसे मानायचे

‘बेस्ट सेल्स ऑफिसर’ म्हणून नाव पुकारलं जातं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी हातात येते, सूत्रसंचालक माइक पुढे करतो, आणि वर्षभर शेतकऱ्यांशी बांधावर तासन्‌तास बोलणारा माणूस म्हणतो, “हे यश माझं एकट्याचं नाही, संपूर्ण टीमचं आहे, सर्वांचे मनापासून आभार.” खाली तिसऱ्या रांगेत त्याचा फिटर बसलेला असतो. या वाक्यात तो कुठेच नसतो. ग्राहक म्हणून मुद्दाम बोलावलेले दोन-चार बागायतदारही टाळ्या वाजवतात आणि जेवणाची वाट बघतात.

सांगली-मिरजेकडच्या मेळाव्यांत हे वारंवार होतं. भावना खरी असते, आभार मात्र पोचत नाहीत. याचं मुख्य कारण तयारीचा क्रम चुकतो: आधी छान वाक्यं शोधली जातात, माणसं नंतर आठवतात. खाली तो क्रम उलटा करून दिला आहे. उदाहरणाला ठिबक विकणारा सेल्स ऑफिसर घेतला आहे. त्याचा भाग जत आणि कवठेमहांकाळ, कार्यक्रम सांगलीतल्या एका हॉलमध्ये, बोलायला तीन मिनिटं. ठिबक मुद्दाम निवडलं, कारण त्यातली एक ऑर्डर पुरी व्हायला सर्व्हे, डिझाइन, स्टोअर, फिटिंग, अकाउंट एवढे हात लागतात आणि विकणाऱ्याचं नाव एकट्याचंच ट्रॉफीवर येतं. खतं, औषधं, ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी कामांची नावं तेवढी बदलून घ्यावीत.

## टप्पा १: आयोजकांना चार गोष्टी विचारा

बक्षीस मिळणार हे बहुतेक वेळा काही दिवस आधी कानावर येतंच. आलं की कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला फोन करा आणि विचारा: किती मिनिटं बोलायचं, बक्षीस स्वीकारल्यावर लगेच की सगळ्यांची बक्षिसं झाल्यावर, मंचावर कोण कोण असणार, आणि समोर कोण बसणार.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. समोर फक्त कंपनीची माणसं असतील तर “महिनाअखेर”, “आउटस्टँडिंग” हे शब्द चालतात. डीलर आणि शेतकरी असतील तर तेच शब्द बोचतात. शेतकऱ्याला आपण कोणाच्या तरी महिनाअखेरीचं टार्गेट होतो, हे कळायची गरज नसते.

तपासा: वेळ “दोन-तीन मिनिटं” अशी मोघम सांगितली तर दोनच धरा. आधीची भाषणं लांबली की कात्री शेवटच्या बक्षिसांवरच चालते.

## टप्पा २: एका ऑर्डरचा माग काढा

माणसांची यादी आठवून करू नका. आठवून केली की साहेब, मोठे डीलर आणि रोज शेजारी बसणारे एवढेच आठवतात. त्याऐवजी वर्षातली एकच ऑर्डर निवडा. ती सगळ्यांत मोठी नसली तरी चालेल, अडचणीची मात्र असावी. तिचा फोन आल्या दिवसापासून ट्रायल होईपर्यंतचा प्रवास वहीत लिहून काढा. कोटेशन, डिलिव्हरी चलन, व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि फोनची यादी समोर ठेवा. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न: इथे काम अडलं होतं का, आणि ते कोणी सोडवलं?

आमच्या उदाहरणातली ऑर्डर अशी. कवठेमहांकाळ तालुक्यातली द्राक्षबाग, एप्रिलची खरड छाटणी झालेली. छाटणीनंतर फुटी निघायला बागेला पाणी हवंच, आणि नेमक्या जुन्या लॅटरल चोकअप झालेल्या. म्हैसाळच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं, शेततळं भरलेलं, पण निम्म्या ओळी कोरड्या. म्हणजे माल वेळेत पोचणं हाच सगळा प्रश्न.

वही अशी भरते. सर्व्हेच्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी शेत मोजलं आणि उतार पाहून एकाऐवजी दोन सबमेन धरायला लावल्या. डेपोत सोळा एमएमची लॅटरल संपली होती. स्टोअरच्या आण्णांनी मिरज भागातल्या सहकाऱ्याच्या नावावरचा माल वळता करून घेतला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती, त्यामुळे फिटर मामांनी ट्रायल रात्री घेतली. अकाउंटच्या मॅडमनी बिलावरचं नाव आणि गट नंबर सात-बाराशी जुळवून पाहिला, म्हणून शेतकऱ्याला अनुदानाच्या ऑनलाइन अर्जासाठी बिल परत मागायला लागलं नाही.

बघा, यात एक माणूस असा निघाला जो टीमच्या यादीत कधीच आला नसता: मिरज भागातला सहकारी. त्याचा माल गेला, त्याचा ग्राहक थांबला आणि विक्री तुमच्या आकड्यात चढली. तो बहुधा त्याच हॉलमध्ये, बक्षीस न मिळालेल्यांत बसलेला असेल. त्याचे आभार मानायचेच.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक क्रियापद आहे का? “मोजलं”, “वळवला”, “चालत गेले”, “जुळवलं”. “सहकार्य केलं”, “मार्गदर्शन केलं”, “साथ दिली” असं लिहिलं गेलं असेल तर त्या माणसाने नेमकं काय केलं ते अजून सापडलेलं नाही. त्याला फोन करून विचारा. आपण काय केलं ते लोक हसत हसत सांगतात, आणि आपल्याला माहीत नसलेली गोष्टही त्यातच निघते.

## टप्पा ३: ग्राहकाची परवानगी घ्या

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. टीमबद्दल चुकीचं बोललं तर ऑफिसात निस्तरता येतं. ग्राहकाबद्दल बोललेलं गावात पोचतं.

ज्या बागायतदाराची गोष्ट सांगणार आहात त्यांना आधी फोन करा. “काका, सांगलीत कार्यक्रम आहे. तुमच्या बागेच्या फिटिंगची गोष्ट सांगावी म्हणतो. नाव घेतलं तर चालेल का?” बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. कोणी नको म्हणालं तर “कवठेमहांकाळ तालुक्यातले एक बागायतदार” एवढ्यावर गोष्ट सांगता येते आणि तिचं काही बिघडत नाही.

परवानगी मिळाली तरी काही गोष्टी मंचावरून सांगायच्या नाहीत. त्यांनी किती पैसे दिले, किती सूट मिळाली, उधारी होती की नव्हती, बागेचं किती नुकसान होत होतं, कर्ज कुठलं काढलं, यातलं काहीही नाही. सूट सांगितली की शेजारी बसलेला शेतकरी तेवढीच सूट मागतो, आणि त्याचंही बरोबरच असतं.

अनुदानाबद्दल विशेष जपा. “मी शेतकऱ्यांना सबसिडी मंजूर करून दिली” हे वाक्य मी अनेक भाषणांत ऐकलं आहे. मंजुरी कृषी विभाग देतो, तुम्ही कागद नीट करून देता. मंचावरून बोललेलं ते वाक्य उद्या अर्ज अडकलेल्या शेतकऱ्याच्या तोंडून तुम्हालाच परत ऐकायला मिळेल.

डीलरांचंही असंच नाजूक असतं. एका तालुक्यात तुमचे तीन डीलर असतील आणि तुम्ही एकाचंच नाव घेतलंत, तर उरलेल्या दोघांनी ते लक्षात ठेवलंच म्हणून समजा. नावं घ्यायची तर सगळ्यांची. नाहीतर “जत आणि कवठेमहांकाळचे आमचे सगळे डीलर” असं एकत्र म्हणा. “अमुक शेठनी पेमेंट कायम वेळेवर दिलं” हे तर अजिबात नको. ऐकणाऱ्याला त्यात कोणी वेळेवर दिलं नाही तेच ऐकू येतं.

सावध: दुसऱ्या कंपनीचं नाव, आडूनसुद्धा, घ्यायचं नाही. समोरच्या शेतकऱ्याच्या दुसऱ्या प्लॉटवर त्याच कंपनीचं ठिबक असू शकतं.

## टप्पा ४: क्रम लावा

आता लिहायला बसा. क्रम हा असा ठेवावा असं माझं मत आहे: एका वाक्यात नमस्कार, मग ऑर्डरची गोष्ट, त्या गोष्टीत कामाच्या ओघाने येणारी टीम, मग साहेब, मग घर, आणि शेवटी ग्राहक.

बरेच जण साहेबांपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही, पण मग पुढची नावं उतरत्या मानाने लागतात आणि फिटर सगळ्यांत शेवटी, घाईत, “आणि आमची फिटिंगची मुलं” असा उरकला जातो. कामाच्या क्रमाने गेलं की हा मानपानाचा प्रश्नच येत नाही. ग्राहक शेवटी, कारण शेवटचं वाक्य लोक हॉलबाहेर घेऊन जातात.

मंचावरच्या मान्यवरांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात. ती पुन्हा घेण्यात तुमच्या तीन मिनिटांतलं एक जातं. “मंचावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेली आपली माणसं, नमस्कार” एवढं पुरे.

साहेबांचे आभारही त्यांनी केलेल्या एका कामासाठी माना. “साहेबांचं मार्गदर्शन लाभलं” हे साहेबांनाही आठवणीत राहत नाही.

भाषण असं तयार होतं:

> मंचावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेली आपली माणसं, नमस्कार. एका ऑर्डरची गोष्ट सांगतो, म्हणजे ही ट्रॉफी कोणाकोणाची आहे ते कळेल.
>
> गेल्या एप्रिलात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या काकांचा फोन आला. खरड छाटणी झालेली, पाणी आलेलं, पण निम्म्या ओळींना ते पोचत नव्हतं. सर्व्हेच्या ताईंनी दुसऱ्या दिवशी भर उन्हात शेत मोजलं. म्हणाल्या, उतार आहे, दोन सबमेन धरा, नाहीतर वरच्या ओळी तशाच राहतील. बाग एकसारखी भिजली ती त्यामुळे.
>
> डेपोत लॅटरल संपली होती. स्टोअरच्या आण्णांनी मिरज भागातल्या माझ्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने आपला माल मला दिला आणि आपल्या ग्राहकाला दोन दिवस थांबायची विनंती केली. मित्रा, ती विक्री माझ्या आकड्यात आली. त्यात तू होतास, हे सगळ्यांसमोर सांगायचं राहिलं होतं.
>
> लाईट रात्रीची होती. आमच्या फिटर मामांनी रात्री मोटर सुरू झाल्यावर ट्रायल घेतली. बॅटरी घेऊन ते प्रत्येक ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले. तीन ओळींना पाणी कमी येत होतं. त्यांनी एंड कॅप काढून लाइन धुतल्या, तर पाइप कापताना पडलेला पीव्हीसीचा चुरा बाहेर आला. तो आत राहिला असता तर ड्रीपर बंद पडले असते. आणि अकाउंटच्या मॅडमनी बिलाचा गट नंबर सात-बाराशी जुळवला, म्हणून काकांना बिलासाठी परत हेलपाटा पडला नाही.
>
> त्या वेळी महिनाअखेर होती. आमचे साहेब म्हणाले, नवीन ऑर्डर राहू दे, आधी हे फिटिंग पुरं कर. साहेब, त्या एका वाक्यासाठी तुमचे आभार.
>
> घरी माझे फोन संपेपर्यंत ताटं वाढायची थांबली. सौभाग्यवती समोर बसल्या आहेत, त्यांचेही आभार.
>
> आणि काका, तुम्ही मला आधी दर विचारला नाहीत. “बिघडलं तर कोण येणार?” हे विचारलंत. तेव्हापासून मी प्रत्येक शेतकऱ्याला कोटेशनबरोबर फिटरचा नंबर देतो. तुमचे, आमच्या सगळ्या डीलरांचे, आणि आपल्या बांधावर शेजाऱ्याला बोलावून आमचं काम दाखवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे आभार. नमस्कार.

यात “महिनाअखेर” हा शब्द शेतकऱ्यांसमोरही चालून गेला, कारण इथे तो शेतकऱ्याच्या बाजूने आला आहे. विक्रीचा आकडा कुठेच नाही. तो सूत्रसंचालकाने सांगितलेला असतो. ताई, आण्णा, मामा यांची नावं मी लिहिलेली नाहीत. तुमच्या भाषणात पहिल्यांदा पूर्ण नाव घ्या, त्यानंतर रोजची हाक. नुसतं “मामा” म्हटलं तर ऑफिसच्या माणसांना कळतं, मामांच्या बरोबर आलेल्या त्यांच्या मुलाला आपल्या वडिलांचं पूर्ण नाव माइकवरून ऐकायचं असतं.

ग्राहकाचे आभार मानताना “तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवला” हे वाक्य टाळलं आहे. विश्वास कुठल्या गोष्टीत दिसला ते सांगितलं की तो शब्द लागत नाही. त्या प्रश्नामुळे तुमच्या कामात काय बदललं, हे ग्राहकाला ऐकायला मिळणं हेच त्याचं आभार मानणं आहे.

सावध: आभाराच्या ओघात नवीन माल, पुढच्या हंगामाची स्कीम किंवा “यंदाही असाच प्रतिसाद द्या” असं काही घालू नका. काकांची गोष्ट लगेच जाहिरात वाटायला लागते, आणि त्यांनाही तसंच वाटतं.

## टप्पा ५: मोठ्याने वाचा, मोजा, काढा

मनात वाचून वेळ कळत नाही. उभं राहून, मोबाइलवर रेकॉर्ड करत, हॉलमध्ये बोलाल तेवढ्या आवाजात वाचा. सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण शंभर-एकशेवीस शब्द होतात. वरचं भाषण त्यामुळे दोन-अडीच मिनिटांचं होतं, आणि नावांनंतरचे थांबे धरून तीन मिनिटांत बसतं.

वेळ जास्त भरली तर माणूस काढू नका, विशेषणं काढा. “अत्यंत मोलाचं”, “अहोरात्र”, “खऱ्या अर्थाने” गेले तरी काही बिघडत नाही. तरीही लांबलं तर गोष्टीतला तपशील कमी करा, पण फिटर मामांचा टोकापर्यंत चालत गेल्याचा भाग ठेवा. हॉलमधल्या प्रत्येकाला तेवढं डोळ्यांसमोर दिसतं.

दोन मिनिटांचीही आवृत्ती तयार ठेवा. त्यात गोष्ट ट्रायलपासूनच सुरू करायची. सर्व्हे, स्टोअर, अकाउंट एकेका वाक्यात, नावासकट. मिरजेच्या सहकाऱ्याचं वाक्य मात्र जसंच्या तसं.

मग कागदावर पूर्ण भाषण न ठेवता पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर फक्त नावं आणि क्रियापदं लिहा, मोठ्या अक्षरात. पूर्ण भाषण हातात असलं की नजर खाली राहते. मोबाइलवरून वाचू नका: स्क्रीन बंद होते, किंवा नेमका तेव्हाच डीलरचा फोन येतो.

तपासा: कार्डावरचं प्रत्येक नाव त्या माणसाला किंवा त्याच्या जवळच्याला विचारून बरोबर लिहिलं आहे का? आडनाव चुकलं तर आभार न मानलेले बरे.

## टप्पा ६: मंचावर

हातात किती वस्तू येणार याचा विचार कोणी करत नाही. शाल खांद्यावरून घसरत असते, एका हातात नारळ, दुसऱ्यात ट्रॉफी, आणि माइक धरायला हात नाही. आधी फोटो होऊ द्या. मग नारळ आणि ट्रॉफी मंचावरच्या टेबलावर ठेवा किंवा जवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे द्या, शाल घडी करून हातावर घ्या, कार्ड काढा आणि मग माइक घ्या. यात दहा-पंधरा सेकंद शांतता जाते. जाऊ द्या. त्या वेळात “हॅलो, हॅलो, येतंय का” म्हणत राहू नका.

आपली माणसं कुठे बसली आहेत ते कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बघून ठेवा. नाव घेताना त्याच माणसाकडे बघा आणि नावानंतर क्षणभर थांबा. लोक मान वळवून त्याला शोधतात, त्याचा चेहरा बघतात. त्या माणसाचा सत्कार त्या क्षणात होतो. घाईने पुढचं नाव घेतलंत तर तो होत नाही.

“मला बोलायची सवय नाही”, “काही चुकलं तर सांभाळून घ्या” अशी सुरुवात नको. बांधावर तुम्हाला रोज ऐकणारे लोक समोर आहेत, त्यांना ते खरं वाटणार नाही. गळा दाटून आला तर थांबा, पाणी प्या आणि कार्डावरचं पुढचं नाव वाचा. नाव वाचलं की पुढचं वाक्य आपोआप येतं.

एखादं नाव राहून गेल्याचं बोलताना लक्षात आलं तर ग्राहकांच्या आधी घ्या. “नमस्कार” म्हटल्यानंतर पुन्हा माइक मागू नका. त्या माणसाकडे जेवणाच्या वेळी जा आणि बरोबरच्यांसमोर सांगा.

## टप्पा ७: जे हॉलमध्ये नव्हते

फिटिंगची माणसं अशा कार्यक्रमांना बऱ्याचदा येऊच शकत नाहीत, कारण त्या दिवशीही कुठेतरी ट्रायल चालू असते. म्हणून बोलण्याआधी शेजारच्याला आपलं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगून ठेवा. ज्याच्याबद्दल बोललात तेवढाच भाग कापून त्याला पाठवा, आणि पाठवल्यावर फोनही करा. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ अभिनंदनाच्या मेसेजांखाली तासाभरात दिसेनासा होतो.

काकांना व्हिडिओ पाठवण्याबरोबर पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात की बागेत जा. जाताना फिल्टर उघडून बघा, एंड कॅप काढून लाइन धुवून द्या. तिथे असताना ऑर्डरचा विषय काढू नका.